बैठकीत बोललेलं आणि कागदावर आलेलं

वाटणीचा दावा मध्यस्थीत मिटला की शेवटी हातात चार-पाच पानांचा एक कागद उरतो. त्यावर दोन्ही पक्ष सह्या करतात, त्यांचे वकील आणि मध्यस्थ सही करतात. मग तो न्यायालयासमोर जातो आणि त्याच अटींवर हुकूमनामा होतो. हा कागद कसा लिहावा, यावर अमरावतीत मध्यस्थीचं काम करणाऱ्या एक वकीलबाई आणि अकोल्याचे एक निवृत्त नाझर यांचं बिलकूल पटत नाही. वकीलबाई भांडण मिटताना पाहतात. नाझरकाकांनी उमेदीची सगळी वर्षं मिटलेली भांडणं पुन्हा उकरलेली पाहिली, कारण हुकूमनाम्याच्या बजावणीचे वॉरंट त्यांच्याच टेबलावरून बेलिफाच्या हाती जात.

मध्यस्थीतलं काही बाहेर सांगायचं नसतं, म्हणून दोघांनी खरं प्रकरण समोर घेतलेलं नाही. प्रशिक्षणात सरावासाठी बेततात तसा एक दावा घेतला. अंजनगाव सुर्जी तालुक्यात 6 एकर 20 गुंठे शेत. वडील वारले, आई आधीच गेलेली. थोरला गावात राहून शेत कसतो, धाकटा अकोल्यात नोकरीला, बहीण परतवाड्याला दिलेली. वरच्या अंगाला विहीर आणि संत्र्याची झाडं, खाली कपाशी-तुरीचं रान. धाकट्याने वाटणीचा दावा लावला, थोरल्याने त्याला धुऱ्यावरून येऊ दिलं नाही, हाणामारी झाली आणि दोघांनी एकमेकांविरुद्ध पोलिसांत तक्रारी दिल्या. दिवाणी न्यायाधीशांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. तीन बैठकांत जुळलं. वकीलबाईंनी मसुदा बांधला आणि काकांपुढे ठेवला.

नाझरकाका: बाई, हे तर नुसते कलम आहेत. तीन बैठका झाल्या म्हणता, मग कोण काय बोललं ते कुठंय? ग्रामसभेचं इतिवृत्त असतं, सोसायटीच्या सभेचं असतं. इथं तर लाखोंचा मामला आहे.

वकीलबाई: ते मुद्दामच नाही. माझ्या फाइलमध्ये तारीख, हजर कोण होतं आणि पुढची तारीख, एवढंच राहतं. बैठकीत मी कच्चं टिपण घेते, आकडे लिहिते, पण ते माझ्यापुरतं असतं आणि काम संपलं की फाडून टाकते. न्यायालयात जातो तो फक्त तडजोडनामा. जमलं नाही, तर मध्यस्थी अयशस्वी झाली एवढं एक वाक्य जातं.

नाझरकाका: हे तुमचं तुम्ही ठरवलं?

वकीलबाई: सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या डिसेंबरात मोती राम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात सांगितलं. तिथे मध्यस्थाने अहवालात कोणत्या पक्षाने काय प्रस्ताव दिला ते सविस्तर लिहून पाठवलं होतं. न्यायालय म्हणालं की हे चुकलं. जमलं तर सह्यांचा करार पाठवा, आत काय घडलं ते लिहू नका. नाही जमलं, तर तेवढंच कळवा.

नाझरकाका: पण कायले? माणूस जे बोलला ते लिहिलं, तर उद्या त्याले पलटता येत नाही.

वकीलबाई: तेच तर. पलटता येणार नाही म्हटलं की माणूस तोंडच उघडत नाही. या दाव्यातली बहीण घ्या. पहिल्या बैठकीत दोन्ही भाऊ म्हणाले, "ताईचं काही म्हणणं नाही, साडीचोळीवर सोडून देते." ताई मान खाली घालून बसली होती. मी तिच्याशी एकटीशी बोलले. तेव्हा ती म्हणाली की तिला जमीन नको, पण मुलीच्या शिक्षणाला पैसा पाहिजे आणि 12 लाखांत ती मोकळी होईल. आता समजा हे मी इतिवृत्तात लिहिलं आणि पुढे बोलणी फिसकटली. दावा परत कोर्टात गेला. कायद्याने तिचा हिस्सा भावांइतकाच, म्हणजे एकतृतीयांश. पण उलटतपासात भावांचा वकील कागद नाचवून विचारेल, "तुम्ही 12 लाखांना तयार होता, हे खरं आहे का?" तिने विश्वासाने सांगितलेला आकडा तिच्याच गळ्यात पडेल.

नाझरकाका: ... हं. आणि तिकडं भावानं तिला धमकावलं असेल तर? तेही नाही लिहायचं?

वकीलबाई: धमकीने सही होत असेल, तर तो करार मी बांधणारच नाही. मध्यस्थी थांबवेन. पण हो, दालनात दिलेले टोमणे, जुने हिशेब, "बापाच्या आजारपणात तू कुठं होतास", हे कागदावर येत नाही. धाकट्याने दुसऱ्या बैठकीत खिशात मोबाइल सुरू ठेवला होता, तोही मी बंद करून टेबलावर ठेवायला लावला. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात तर ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरणाला स्पष्ट मनाई लिहिली आहे. त्या कायद्याची सगळी कलमं एकदम लागू केली गेली नाहीत, पण गोपनीयतेचा नियम त्याच्याही आधीपासून चालत आला आहे.

इथे माझं मत वकीलबाईंच्या बाजूचं आहे. वऱ्हाडात बहिणीचा हिस्सा हा विषय घरात सहसा निघत नाही, आणि निघाला तर भावांच्या देखत निघत नाही. बंद दाराआड ती जे बोलते ते बाहेर फुटणार असेल, तर ती साडीचोळीवरच थांबेल. काकांनीही हा मुद्दा ताणला नाही. त्यांचा खरा राग वेगळ्या जागी होता. त्यांनी मसुद्याचं दुसरं पान उलटलं आणि सहाव्या कलमावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: "विहिरीचे पाणी उभय पक्षांनी सामंजस्याने व आवश्यकतेनुसार वापरावे."

नाझरकाका: हे कोणी लिहिलं?

वकीलबाई: दोघांच्या तोंडचं आहे. शेवटच्या तासाला थोरला स्वतः म्हणाला, "पाण्याचं काय मोजमाप करता, भाऊच आहे." किती दिवसांनी तो "भाऊ" म्हणाला होता! त्या क्षणी मी घड्याळ काढून पाळ्या लावल्या असत्या, तर सगळं विस्कटलं असतं.

नाझरकाका: त्या दिवशी नाही विस्कटलं, ते मार्चमध्ये विस्कटेल. संत्र्याला पाणी पाहिजे, विहीर खाली गेली, आन् दोघंही मोटारीजवळ उभे. धाकटा दरखास्त लावतो. बेलिफ कागद घेऊन विहिरीवर जातो. आता त्यानं काय करायचं? सामंजस्य जप्त करायचं? थोरला म्हणते, "मले आवश्यकता आहे." धाकटा म्हणते, "मलेही आहे." दोघंही त्याच कलमावर बोट ठेवून राहिले. बेलिफ पंचनामा करून परत येतो, आणि दरखास्त वर्षानुवर्षं पडून राहते. दरखास्त चालवणारं न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जात नाही, बाई. जे लिहिलं तेवढंच ते पाहतं. तुमच्या दालनात किती गोड बोलणं झालं ते तिथं कोणाला ठाऊक? आणि तुम्हीच तर आता म्हणाल्या, आतलं बाहेर सांगायचं नाही!

हा घाव बरोबर बसला. आतलं बोलणं पुढे पुरावा म्हणून येणार नसेल, तर अटीचा अर्थ लावायला कागदाखेरीज काही उरतच नाही. म्हणजे बोलणं जितकं गुप्त ठेवायचं, तितकी अट उघडी आणि नेमकी पाहिजे. वकीलबाईंनी कलम पुसलं आणि दोघं मिळून ते नव्याने लिहायला बसले. यात बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

वकीलबाई: एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. सकाळी 6 पासून.

नाझरकाका: शेतीची थ्री फेज वीज कधी येते? एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी 12 वाजता तारीख ओलांडते. तारखेप्रमाणं दिवस धरला, तर मध्यरात्री मोटार कोणी बंद करायची? सकाळी 6 पासून धरला, तर रात्रीची वीज 6 च्या पुढं चालली की पुन्हा वाद.

वकीलबाई: मग संध्याकाळी 6 ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 6. वीज दिवसा येवो की रात्री, एकाच माणसाच्या पाळीत पूर्ण पडते.

नाझरकाका: हे जमलं. आता वीज आलीच नाही, डीपी जळाला, तर?

वकीलबाई: पाळी बुडाली. पुढे सरकवायची म्हटलं की हिशेब ठेवावा लागेल, आणि हिशेब आला की भांडण आलं.

नाझरकाका: पण डीपी जळाला तर आठ-आठ दिवस जाते.

वकीलबाई: दोघांच्याही पाळ्या सारख्याच बुडतात. आणि पहिली पाळी कोणाची, तेही लिहू. तारखेसकट. नाहीतर पहिल्याच दिवशी दोघं जातील.

नाझरकाका: मोटार जळाली तर?

वकीलबाई: रिवाइंडिंगचा खर्च निम्मा-निम्मा. ज्याच्या पाळीत जळाली त्याने दुरुस्तीला न्यायची, पावती दाखवायची, दुसऱ्याने 7 दिवसांत निम्मे पैसे बँकेत भरायचे. नाही भरले, तर भरेपर्यंत त्याची पाळी... नको. पाणी तोडायची अट मी लिहिणार नाही. झाडं वाळतील.

नाझरकाका: मग पैसे वसुलीला टाका. पाणी चालू राहू द्या.

शेवटी कलम असं झालं: "विहीर थोरल्याच्या वाट्याच्या क्षेत्रात राहील. धाकट्यास तीतून एक दिवसाआड पाणी घेण्याचा कायम हक्क राहील. पाळी संध्याकाळी 6 पासून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी 6 पर्यंत धरावी. त्या वेळात वीज न मिळाल्यास पाळी पुढे सरकणार नाही." त्यापुढे पहिल्या पाळीची तारीख, पाइपलाइन कोणत्या धुऱ्याने जाईल ते, आणि विहिरीपर्यंत जायची वाट किती फूट रुंद ते. आधीचं कलम एका ओळीचं होतं, हे अर्ध्या पानाचं झालं. "कायम" हा शब्द काकांनी घालायला लावला. थोरल्याने उद्या वरचं शेत विकलं, तर घेणारा म्हणेल की पाण्याचं बोलणं भावाभावांतलं होतं, म्हणून "वारस व खरेदीदारांवर बंधनकारक" हेही त्यांनी जोडलं.

क्षेत्राच्या कलमात मोठा वाद नव्हता, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मसुद्यात एकर-गुंठ्यांत वाटणी होती, कारण पक्ष तसंच बोलतात. सातबारावर मात्र हेक्टर-आर असतं. 6 एकर 20 गुंठे म्हणजे 260 गुंठे, आणि ते 2 हेक्टर 63 आरच्या आसपास भरतं. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे वाटतात, पण पूर्ण शेतात तीन आरांचा फरक पडतो आणि तो नेमका धुऱ्यावर येऊन बसतो. म्हणून कलम सातबाराच्या भाषेत लिहिलं: वरचे 1 हेक्टर 23 आर थोरल्याला, खालचे 1 हेक्टर 40 आर धाकट्याला, गट नंबर आणि चारही बाजूंच्या चतुःसीमा देऊन. सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा आणि त्यावरही सगळ्यांच्या सह्या. मोजणीची फी कोणी भरायची तेही लिहिलं. शेतसाऱ्याच्या जमिनीची वाटणी प्रत्यक्ष जागेवर पाडून देण्याचं काम संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या हाताखालचा अधिकारी करतो. त्याला दालनातली समजूत कळत नाही, नकाशा कळतो.

नाझरकाका: आता बहिणीच्या पैशाचं पाहू. "दोन्ही भावांनी बहिणीस 12 लाख रुपये कापूस विकल्यावर द्यावे." कापूस कधी विकला, हे कोणी ठरवायचं?

वकीलबाई: शेतकऱ्याच्या हातात पैसा तेव्हाच येतो, काका. 31 डिसेंबर लिहिलं आणि भाव पडला म्हणून त्याने कापूस घरात भरून ठेवला, तर तो पहिल्याच हप्त्याला चुकतो. चुकणारच अशी अट लिहिणं म्हणजे पुढचं भांडण पेरणं.

नाझरकाका: मग तारीख पुढची घ्या, पण तारीखच घ्या. भाव पडला, घरात साठवला, बोंडअळीनं खाल्ला, तिला काय त्याचं? आणि "दोन्ही भावांनी" म्हणजे काय? एकानं दिले आणि दुसऱ्यानं नाही, तर ती कोणाच्या मागं लागणार?

दोघांनी मध्य काढला. प्रत्येक भावाचे 6 लाख वेगळे लिहिले, एकाच्या चुकीला दुसरा जबाबदार नाही असं स्पष्ट करून. प्रत्येकी 2 लाखांचा पहिला हप्ता न्यायालयात तडजोड दाखल होण्याच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, दुसरा पुढच्या 31 मार्चपर्यंत, तिसरा त्याच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत. मार्च यासाठी, की कापूस आणि तूर तोवर विकून होते. पैसे बहिणीच्या स्वतःच्या खात्यात जातील, नवऱ्याच्या किंवा मामाच्या हाती नाही. हप्ता चुकला तर 15 दिवसांची लेखी नोटीस, आणि तरीही नाही भरला तर त्या भावाची उरलेली रक्कम एकदम देणे लागू, दर साल दर शेकडा 9 टक्के व्याजाने. काकांना हप्ता चुकल्यास दुप्पट रक्कम हवी होती. वकीलबाई म्हणाल्या, इतकी दंडाची अट न्यायालय उचलून धरेल याची खात्री नाही, आणि मग खरी रक्कमही वादात अडकेल. काका गप्प बसले, पण पटलं असं दिसलं नाही.

नाझरकाका: हे दहावं कलम. "गावठाणातील घर थोरल्याकडे राहील." घर दाव्यात आहे?

वकीलबाई: नाही. दावा फक्त शेताचा आहे. पण घराचं नाही मिटलं, तर शेताचं मिटून उपयोग काय? आणि संहितेचा आदेश 23, नियम 3 हे चालवून घेतो. तडजोडीत दाव्याबाहेरचं काही आलं, तरी पक्ष तेच असतील तर न्यायालय त्यावर हुकूमनामा करू शकतं.

नाझरकाका: हुकूमनामा होईल. पण नोंदणी? न्यायालयाच्या हुकूमनाम्याला नोंदणीची गरज नाही, ही सवलत नोंदणी कायद्याच्या कलम 17 मध्ये आहे, पण तडजोडीच्या हुकूमनाम्याला ती दाव्यातल्या मिळकतीपुरतीच आहे. दाव्याबाहेरची स्थावर मिळकत आली की तेवढ्यासाठी नोंदणी लागते. उद्या थोरला घर बँकेला गहाण ठेवायला गेला, की बँकेचा वकील पहिलं हेच काढेल.

वकीलबाई: बरोबर. म्हणून सह्यांच्या आधीच धाकट्याच्या वकिलांना दावा दुरुस्तीचा अर्ज द्यायला सांगायचा. घर दाव्याच्या परिशिष्टात आलं की मग तडजोड दाखल करायची. पंधरा दिवस जास्त जातील.

नाझरकाका: जाऊ द्या. आणि मारामारीच्या तक्रारी?

वकीलबाई: तिथे "तक्रारी मागे घ्याव्यात" एवढं लिहून भागत नाही. फौजदारी प्रकरण पक्षांच्या मर्जीने संपत नाही. गुन्हा आपसात मिटवण्याजोगा असेल, तर दोघांनी अमुक तारखेला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर राहून तसा अर्ज द्यायचा, हे लिहायचं. तसा नसेल, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावं लागतं, आणि तिथे दुसऱ्याने संमतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, एवढंच इथे लिहिता येतं. निकालाची हमी आपण लिहू शकत नाही.

नाझरकाका: आता एक विचारतो. थोरल्यानं शेवटच्या बैठकीत माफी मागितली असं समजू. ते तरी कागदावर येऊ द्या. धाकट्याला ती पैशापेक्षा मोठी आहे.

वकीलबाई: नाही.

नाझरकाका: आता तुम्हीच कठोर झाल्या, बाई.

वकीलबाई: "मी तुला धुऱ्यावर मारलं, माझं चुकलं", हे लिहिलं की ते गुन्ह्याचा कबुलीजबाब म्हणून वाचलं जाईल, आणि ती फौजदारी अजून चालू आहे. शिवाय थोरला गावात राहतो. नक्कल निघाली, की चावडीवर वाचली जाईल. माफी दालनात मागितली, धाकट्याने ऐकली, तिथे ती पूर्ण झाली. कागदावर मी एवढं लिहीन की एकमेकांविरुद्ध याबाबत आता कोणतीही मागणी उरलेली नाही.

नाझरकाका: मला हे नाही पटत. कागदावर नुसती जमीन आणि पैसा राहिला, तर दहा वर्षांनी त्याईच्या पोरांना वाटेल की बापानं काकाला लुटलं. एक ओळ असती, तर पोरांना कळलं असतं की दोघं समजुतीनं वेगळे झाले.

यावर दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मला काकांचं दुःख समजतं, पण फौजदारी चालू असताना वकीलबाईंचा नकारच योग्य वाटतो. तक्रारी मिटल्यावर थोरल्याने धाकट्याला स्वतंत्र चिठ्ठी लिहावी. तिला न्यायालयाच्या शिक्क्याची गरज नाही.

राहिला सह्यांचा प्रश्न. इथे दोघांच्या जागा उलटल्या. वकीलबाईंना घाई होती, काकांना नव्हती.

वकीलबाई: जुळलं त्याच दिवशी सही. आज संध्याकाळी हे गावी गेले, की चार जण कान भरतात. "अरे, विहीर त्याला दिली? येडा झाला का तू?" सकाळी परत येतात तेव्हा तीच माणसं नसतात.

नाझरकाका: आणि मी अशी माणसं पाहिली, ज्यांनी दिवे लागल्यावर, शेवटची एसटी चुकेल म्हणून सही केली. मग दरखास्तीत उभं राहून सांगतात, "मले वाचून दाखवलंच नाही. वकिलानं सही कर म्हटलं, मी केली." चार जण कान भरतील म्हणता, तर भरू द्या. त्याच चार जणांत राहायचं आहे त्याले. एका रात्रीत जो करार मोडतो, तो बारा वर्षं टिकेल कसा?

वकीलबाई: पण काका, सहीने सगळं संपत नाही. तडजोडनामा न्यायाधीशांपुढे जातो तेव्हा पक्षांना समोर बोलावून विचारतात: मजकूर समजला का, स्वखुशीने केला का, सही तुमचीच का. तिथे नाही म्हणायची संधी असते.

नाझरकाका: तिथं वकील बाजूला उभा असतो, मागं वीस प्रकरणं थांबलेली असतात. माणूस मान हलवतो.

शेवटी त्यांनी जी पद्धत मान्य केली ती मी जशीच्या तशी सांगतो. जुळलं त्या दिवशी मसुदा मराठीत टंकलिखित करायचा आणि मोठ्याने, कलमागून कलम वाचायचा. वाचताना मध्यस्थाने प्रत्येक कलमानंतर पक्षाकडूनच ते स्वतःच्या शब्दांत वदवून घ्यायचं. "विहिरीचं काय ठरलं, सांगा बरं," असं विचारलं की थोरला एक सांगतो आणि धाकटा दुसरं. खरा घोटाळा तिथेच सापडतो. दोघांचं सांगणं एक झालं, की सही. नाही झालं, तर कलम दुरुस्त करायचं, आणि तेही त्या दिवशी नाही झालं तर पुढची तारीख घ्यायची, एसटी चुकवायची नाही.

सही प्रत्येक पानावर, नकाशावर आणि प्रत्येक खाडाखोडीजवळ. लिहिता न येणाऱ्याचा डावा अंगठा, शेजारी ओळखणाऱ्याचं नाव आणि सही, आणि मजकूर वाचून दाखवला, तो समजला, अशी नोंद. बहिणीची सही बहिणीनेच करायची. "तिनं सांगितलं आहे, मी करतो," असं म्हणणाऱ्या भावाला पेन द्यायचा नाही. ती दाव्यात पक्षकार आहे, आणि आदेश 23 ला पक्षकारांच्या सह्यांचा लेखी करार लागतो. तिची सही नसेल, तर 12 लाखांचं कलम आणि तिने सोडलेला हक्क, दोन्ही लटकतात. शेवटी दोन्ही वकिलांच्या आणि मध्यस्थाच्या सह्या, आणि प्रत्येक पक्षाच्या हातात त्याच दिवशी एक प्रत.

गावातल्या तंटामुक्त समितीपुढे झालेल्या समझोत्याबद्दल लोक पुष्कळदा विचारतात. 2007 मध्ये सुरू झालेल्या त्या मोहिमेतून वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत भांडणं मिटली, आणि ते काम मोलाचं आहे. पण समितीपुढचा कागद म्हणजे हुकूमनामा नव्हे. तो मोडला तर बेलिफ येत नाही, त्या कागदाच्या आधारे नवा दावा लावावा लागतो. न्यायालयात दावा चालू असेल, तर समितीत झालेली तडजोडही पुरसीस म्हणून तिथे दाखल करून घ्यावी.

वाचकांपैकी कोणाचा दावा अमरावतीत, अकोल्यात, मूर्तिजापुरात वा दर्यापुरात मध्यस्थीला गेला असेल, तर त्यांना एक विनंती. हुकूमनामा झाला म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही. त्याची प्रमाणित प्रत काढा, नकाशासह तलाठ्याकडे फेरफारासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हप्ते, पाणी किंवा ताबा यांत समोरचा चुकला, तर दरखास्तीला साधारण 12 वर्षांची मुदत आहे, पण काही आज्ञांसाठी ती तीनच वर्षांची असते. म्हणून चूक दिसल्याबरोबर वकिलाला भेटा.